फुलीवरचे सोळा बिट

मे महिन्यात, बागायती कापसाची लागवड सुरू झाली की आमच्या दुकानात एकच तक्रार फिरून फिरून येते. "भाऊ, स्टार्टर धरत नाही." हिरवं बटण दाबून ठेवलं तोवर मोटार चालते, बोट उचललं की बंद. माणूस स्टार्टर टेबलावर ठेवायच्या आत मला कळलेलं असतं की होल्डिंगचा कॉन्टॅक्ट जळालाय. अमळनेरला रिवायंडिंगच्या धंद्यात तीस वर्षं गेली, आणि ह्या एका दोषावर मी किती दिवाळ्या साजऱ्या केल्या असतील ते सांगता येणार नाही.

कॉन्टॅक्टरवाल्या स्टार्टरची गंमत अशी की हिरवं बटण दाबल्यावर कॉइलला करंट मिळतो, कॉइल पट्टी आत ओढते आणि मोटार सुरू होते. पण त्याच पट्टीबरोबर एक लहानसा जादा कॉन्टॅक्टही जुळतो आणि तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. म्हणजे कॉइल स्वतःच्याच ओढीनं स्वतःला करंट देत राहते. बोट काढलं तरी धरून राहते. लाल बटण ती साखळी तोडतं. बोट येऊन गेलं, पण आलं होतं हे स्टार्टरला लक्षात आहे. ह्याला मी आयुष्यभर 'धरणं' म्हणत आलो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या पुतणीच्या वहीत त्याला 'लॅच' म्हणतात हे मला गेल्या वर्षी कळलं.

तिचा प्रश्न साधा होता. "काका, दोन गेट एकमेकांना उलटे जोडले की त्यांच्या लक्षात राहतं, असं सर म्हणतात. म्हणजे नेमकं कुठं राहतं?" मी तिला स्टार्टर उघडून दाखवला. तिला पटलं, पण समाधान झालं नाही. एक बिट असा राहील हो, पण मेमरीत लाखो असतात, त्यातला हवा तोच कसा सापडतो? उत्तर द्यायला म्हणून मी सोळा बिटांची रॅम बांधायला घेतली. चार दिवसांचं काम वाटलं होतं, दीड महिना गेला.

एका बिटाला चार नॅंड गेट लागतात. नॅंड म्हणजे दोन्ही इनपुट १ असतील तरच ० देणारा, नाहीतर कायम १ देणारा गेट. ७४०० नावाच्या चौदा पायांच्या आयसीत बरोब्बर चारच नॅंड असतात. एक आयसी, एक बिट. मला हा हिशोब फार आवडला. जोडणी अशी:

```
a = NAND(D, E)
b = NAND(a, E)
Q = NAND(a, P)
P = NAND(b, Q)
```

डी म्हणजे लिहायची किंमत आणि ई म्हणजे दार. दार उघडं, म्हणजे ई १ असताना, डी जे म्हणेल ते क्यूवर उमटतं. दार लावलं की पहिले दोन गेट, डी काहीही बोंबलला तरी, १ देऊन गप्प बसतात. मग खालच्या दोन ओळींकडे बघा. क्यू हा पीच्या उलट, पी हा क्यूच्या उलट. क्यू १ असेल तर पी ०, आणि पी ० आहे म्हणून क्यू १. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिलेले दोघे. स्टार्टरमध्ये कॉइल स्वतःला धरते, इथं दोघं एकमेकांना धरतात, एवढाच फरक.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून पहिले चार आयसी आणले, ब्रेडबोर्डवर एक बसवला, मोबाईलच्या चार्जरचे पाच व्होल्ट दिले आणि क्यूवर, म्हणजे आठव्या पिनवर, लाल एलईडी लावला. डी १ केला, ईचं बटण दाबलं. दिवा लागला. बोट उचललं. दिवा गेला.

पुतणी माझ्याकडे बघायला लागली. "काका, धरत नाही."

तीस वर्षं लोकांचे स्टार्टर दुरुस्त केले आणि माझाच धरेना. वायरिंग तीनदा तपासलं, बरोबर होतं. आयसी बदलला, तेच. मग मल्टिमीटर आठव्या पिनला लावला आणि बटण दाबून धरलं. दिवा लखलखीत, पण पिनवर फक्त २.१ व्होल्ट. पाच नाही, साडेचारही नाही. चूक माझी होती. घाईत एलईडीला रेझिस्टरच लावला नव्हता. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास उघडतो आणि त्याच्यावर व्होल्टेज चढूच देत नाही, पिनच खाली ओढून धरतो. डोळ्याला दिवा दिसतो, म्हणजे १ आहे असं आपण समजतो. पण त्याच पिनवरून शेजारच्या गेटलाही वाचायचं असतं, आणि माझ्या एचसी जातीच्या आयसीतला गेट पाच व्होल्टवर साधारण अडीचच्या खालचं सगळं ० समजतो. दार उघडं असताना पहिला गेट क्यूला जबरदस्तीनं वर ठेवतो, म्हणून दिवा दिसत होता. दार लागल्यावर क्यूला आधार फक्त पीचा, आणि पीला तर क्यू ० वाटतोय. दोघांनी हात सोडले.

एक किलो-ओहमचा रेझिस्टर लावला, पिनवर व्होल्टेज पाचच्या जवळ गेलं आणि खाना, म्हणजे एका बिटाचं घर, धरायला लागला. तेव्हापासून मी पुतणीला एक सांगून ठेवलंय की दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावायचा.

मग उरलेले आयसी मागवले आणि सोळा खाने मांडले, चार ओळी, चार स्तंभ. आता खरा प्रश्न आला. डीची तार सोळाही खान्यांना एकच जाते, सगळ्यांना एकदम ऐकू येतं. दार मात्र एकाचंच उघडलं पाहिजे. सोळा दारांना सोळा बटणं लावली तर ती मेमरी नव्हे, तो स्विचबोर्ड झाला.

हे मांडून बसलो होतो तेव्हा नाना आले. नाना म्हणजे माझे थोरले काका, वय पंच्याहत्तर, अजून शेतावर रोज जातात. ब्रेडबोर्डांवरचं तारांचं जंजाळ बघून म्हणाले, "हाई काय शे रे भाऊ?" मी म्हटलं, नाना, सोळा घरं आहेत, त्यातल्या एकालाच हाक मारायची आहे. नानांनी विचारलं की मग फुल्या का नाही पाडत.

शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. कापूस चौफुलीवर लावतात तेव्हा आधी रानात उभ्या रेघा ओढतात, मग आडवं फिरून आडव्या. जिथं रेघेला रेघ छेदते ती फुली, आणि सरकी टोचायची ती फुलीवरच. नुसत्या उभ्या रेघेवर नाही, नुसत्या आडव्या रेघेवर नाही. पुढं कोळपणीही उभी-आडवी दोन्हीकडून करता येते, म्हणून ती पद्धत. रानात झाडं हजारो असतील, पण "तिसऱ्या ओळीतलं सातवं" एवढं सांगितलं की माणूस चुकत नाही.

रॅमही हेच करते. चार बिटांचा पत्ता घ्यायचा, वरचे दोन बिट ओळीला द्यायचे, खालचे दोन स्तंभाला. दोन बिटांवरून चारपैकी एक रेघ निवडणाऱ्याला डिकोडर म्हणतात. ७४१३९ ह्या आयसीत असे दोन डिकोडर शेजारी शेजारी असतात, म्हणजे ओळ आणि स्तंभ दोन्हीचं काम एकाच चिपमध्ये भागलं. फक्त त्याची तऱ्हा उलटी आहे. निवडलेली रेघ ० होते, बाकीच्या तीन १ राहतात. म्हणून प्रत्येक फुलीवर मी एक नॉर गेट बसवला, जो दोन्ही इनपुट ० असतील तरच १ देतो. ७४०२ मध्ये असे चार असतात, म्हणजे ओळीला एक आयसी. नॉरचा आउटपुट थेट खान्याच्या दाराला.

लिहायचं बटण कुठं लावायचं यावर मी एक संध्याकाळ घालवली. सोळा दारांना सोळा जादा गेट लावायची तयारीही केली होती. मग लक्षात आलं की ७४१३९ च्या प्रत्येक डिकोडरला स्वतःचा चालू-बंदचा पाय असतो. स्तंभाच्या डिकोडरचा तो पाय, पिन १५, लिहायच्या बटणाला जोडला. बटण दाबलेलं नाही तोवर एकही उभी रेघ जागी नाही, म्हणून एकही फुली पुरी होत नाही. एका पायावर सोळा दारं कुलूपबंद.

समजा पत्ता ६, म्हणजे ०११०. ओळ ०१, स्तंभ १०. मोजणी शून्यापासून, म्हणून दुसरी ओळ, तिसरा स्तंभ. डी १ करून बटण दाबलं की त्या फुलीवरच्या नॉरला दोन शून्यं मिळतात, दार उघडतं, खाना १ होतो. त्याच ओळीतले बाकीचे तीन खाने अर्धवट जागे असतात, त्यांना ओळ मिळाली पण स्तंभ नाही. त्याच स्तंभातल्या तिघांना स्तंभ मिळाला, ओळ नाही. उरलेल्या नऊ जणांना पत्ताच नाही. ह्या सहा अर्धवट जागलेल्यांनी हलू नये यावर सगळी रॅम उभी आहे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चनं बांधलेला टिफ्रॅक नावाचा संगणक १९६० साली चालू झाला, त्याची मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, फेराइटच्या बारीक कड्यांची. तसल्या मेमरीत गेट नसतात. उभ्या तारेतून अर्धा करंट, आडव्या तारेतून अर्धा. दोन्ही मिळतील तीच कडी उलटते, अर्ध्यावर उलटत नाही. फुली तीच, फक्त नॉरचं काम लोखंडाच्या मातीनं केलं.

आणि रेघांचा फायदा आकार वाढला की कळतो. माझ्या सोळा खान्यांना आठ रेघा लागल्या, सोळाच्या निम्म्या, त्यात फार मोठी बचत नाही. पण २११४ नावाची जुनी रॅम चिप असायची, तिच्यात ४०९६ खाने, आत ६४ ओळी आणि ६४ स्तंभ. १२८ रेघांत काम झालं. (तिथला खाना माझ्यापेक्षा बराच काटकसरी असतो. आजच्या स्टॅटिक रॅमचा खाना सहा ट्रान्झिस्टरांत बसतो. माझ्या एका ७४०० मध्ये चार नॅंडचे मिळून निदान सोळा जातात.)

वाचायचं काम वेगळ्या वाटेनं केलं. प्रत्येक ओळीच्या चार क्यूंना ७४१२५ चे चार बफर लावले. ओळीची रेघ ० झाली की ते चारही उघडतात आणि पूर्ण ओळ चार उभ्या तारांवर येते. बाकीच्या ओळींचे बफर तारेवरून हात काढून घेतात. मग त्या चार तारांमधली एक तार ७४१५३ नावाचा आयसी निवडतो, पत्त्याचे तेच खालचे दोन बिट बघून, आणि एक पिवळा एलईडी लागतो. सगळे मिळून २६ आयसी झाले, आणि टेलिफोनच्या एकेरी तांब्याच्या वायरीचं जवळजवळ एक बंडल.

इथं दुसरा घोळ झाला. सगळीकडे ० लिहून वाचलं, बरोबर. सगळीकडे १ लिहून वाचलं, बरोबर. आम्ही पेढे आणले. पुतणी मात्र चिकट. तिनं सगळे खाने पुसले, एकाच खान्यात १ लिहिला आणि सोळाही पत्ते वाचले. मग पुढच्या खान्यात. पत्ता ० ठीक. पत्ता १ वर लिहिलं, लाल दिवा योग्य खान्यातच लागला, पण पिवळा लागला तो पत्ता २ वाचताना. पत्ता २ वर लिहिलं तर १ वाचताना. ३ ठीक. प्रत्येक ओळीत हेच. सोळापैकी आठ खरे, आठ एकमेकांच्या जागी.

दोष शोधायला तो नमुनाच पुरला. ०० आणि ११ उलटे लिहिले तरी तेच राहतात, ०१ आणि १० मात्र अदलाबदल होतात. म्हणजे पत्त्याच्या खालच्या दोन तारा कुठंतरी उलट्या लागल्या होत्या, आणि लिहिलेला खाना बरोबर दिसत होता म्हणजे वाचण्याच्या बाजूलाच. ७४१३९ वर त्या दोन पिना शेजारी आहेत, १४ आणि १३. ७४१५३ वर एक १४ ला आणि दुसरी पार समोरच्या बाजूला, पिन २. मी वरची खाली, खालची वर लावली होती. सगळे ० किंवा सगळे १ लिहून हे कधीच पकडलं गेलं नसतं.

पुतणीनं मग एक खोचक प्रश्न विचारला. "काका, दोन्हीकडे उलट्या लावल्या असत्या तर?" तर काहीच झालं नसतं. लिहिणारा आणि वाचणारा दोघंही चुकीच्या, पण एकाच खान्याशी गेले असते, आणि बाहेरून रॅम निर्दोष दिसली असती. बोर्ड आखणारे लोक स्टॅटिक रॅमच्या पत्त्याच्या तारा कधी कधी मुद्दाम अशा अदलाबदल करतात, तारा कमी छेदाव्यात म्हणून. ओळी उत्तरेकडून मोजा की दक्षिणेकडून, नांगरणारा आणि वेचणारा एकाच बाजूनं मोजत असले की झालं.

तिसरा दोष सगळ्यात त्रासदायक, कारण तो कधी यायचा, कधी नाही. एका संध्याकाळी आम्ही पत्ता ६ वर १ लिहिला आणि पुढं ९ वर लिहायला गेलो. ९ लागला, पण त्याच्याबरोबर ७, ५ आणि १ हेही लागले. कुणी त्यांना हाक मारली नव्हती. मला आधी सुटी तार वाटली, कारण एचसी आयसीचा लोंबकळता इनपुट हात जवळ नेला तरी मत बदलतो. पण तारा घट्ट होत्या.

पुतणीनं वहीत आकडे लिहिले तेव्हा उलगडलं. ६ म्हणजे ०११०, ९ म्हणजे १००१. पत्त्याचे चारही खटके बदलायचे, आणि मी ते उजवीकडून एकेक करत होतो. ०११० वरून ०१११, म्हणजे ७. मग ०१०१, म्हणजे ५. मग ०००१, म्हणजे १. मग १००१, म्हणजे ९. वाटेत लागलेली तिन्ही गावं! वर मी लिहायचं बटण म्हटलं खरं, पण तोवर त्या जागी मी खटका लावला होता, आणि ६ लिहून झाल्यावर तो खाली करायचं विसरलो होतो. दार उघडं ठेवून पत्ता बदलला तर वाटेतल्या प्रत्येक घरात तोच माल टाकला जाणार. ज्या दिवशी मी खटका आठवणीनं खाली करायचो त्या दिवशी दोष नसायचा.

खटका काढून बटण लावलं आणि क्रम ठरवला. आधी पत्ता आणि डी बसू द्यायचे, मग बटण दाबायचं, सोडायचं, आणि सोडल्यावरच पत्त्याला हात लावायचा. बटण दाबताना आतली पत्री थरथरते, दहा वेळा जुळते-सुटते, पण त्याची इथं फिकीर नाही. त्याच घरात तीच किंमत दहा वेळा लिहिली तर बिघडत काहीच नाही. खऱ्या चिपलाही हाच नियम आहे, फक्त तिथली वाट नॅनोसेकंदांत चालली जाते. पत्त्याच्या चार तारा एकाच क्षणी बदलत नाहीत, डिकोडरमधून क्षणभर भलतीच रेघ जागी होऊन जाते. म्हणून रॅमच्या डेटाशीटमध्ये, लिहायचा इशारा देण्याआधी पत्ता किती वेळ स्थिर हवा आणि इशारा काढल्यावर किती वेळ टिकवायचा, हे आकडे देतात. मी असे तक्ते वर्षानुवर्षं पानं उलटून सोडून देत होतो.

सगळं नीट चालायला लागल्यावर नानांना बोलावलं. पुतणीनं चौकटीच्या दोन्ही कर्णांवर दिवे लावून मोठी फुली काढली होती. नाना खूश झाले, खुर्ची ओढून बसले, आणि तेवढ्यात लाईट गेली. वीस मिनिटांनी आली तेव्हा फुली नव्हती. कुठलेतरी सात दिवे लागले होते, त्यातले तीन-चार दर वेळी लागतात तेच. एका खान्यातले दोन गेट अगदी सारखे कधीच नसतात, लाईट येताना जो जरा जोरकस तो आधी जिंकतो आणि दुसऱ्याला दाबतो.

"लाईट गई ते सम्दं भुली जास का हाई?" नानांनी विचारलं.

मी म्हटलं, नाना, तुमचा स्टार्टरही विसरतोच की.

"याले ऑटो बसाड."

आमच्याकडे रात्री-अपरात्री थ्री फेज येते, म्हणून लोक स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पण तो स्विच जुनं काही लक्षात ठेवत नाही, डोळे मिटून हिरवं बटण दाबतो. माझ्या सोळा खान्यांना तसला ऑटो लावला तर सोळाही १ होतील. तसं नानांना म्हणालोही, पण रात्री झोप येईना. एचसी आयसी दोन व्होल्टपर्यंत धरतात. दिवे बंद असले आणि कुणी हलवलं नाही तर त्यांना करंट नावालाच लागतो.

दुसऱ्या दिवशी दोन पेन्सिल सेल सिरीजमध्ये लावून तीन व्होल्ट केले. चार्जरला एक शॉटकी डायोड, सेलला एक, दोन्ही एकाच प्लसवर. चार्जर जिवंत असेल तर तो पुरवतो, मेला की सेल. लाल दिव्यांची मायनसची तार एका खटक्यावरून नेली, नाहीतर सेल दिव्यांनीच खाल्ले असते. बटणाचा वर ओढणारा रेझिस्टरही त्याच प्लसवर घेतला, कारण लाईट जाताना तो पाय खाली घसरला तर ते बटण दाबल्यासारखंच झालं असतं.

त्या रात्री पुतणीनं परत फुली काढली, दिव्यांचा खटका बंद केला आणि आम्ही मुद्दाम चार्जर उपसून ठेवला. सकाळी तिनं चार्जर लावला, खटका चालू केला. कर्णांवरचे आठही दिवे जागेवर होते. नानांना दाखवायचं होतं, पण थ्री फेज पहाटेच आली होती, आणि ते केव्हाच मळ्यात गेले होते.